डेली अपडेट: टिकेट कुठवर आलं आणि कुणामुळे अडलं

प्रश्न: नव्या टीममध्ये बॅकएंड डेव्हलपर म्हणून लागलोय. रोज सकाळी बोर्डावरच्या माझ्या टिकेटांचं अपडेट द्यायचं असतं: काय झालं, पुढे काय, काय अडलंय. माझं एकतर लांबतं, नाहीतर ‘काम चालू आहे’ एवढ्यावर संपतं. थोडक्यात पण उपयोगी अपडेट कसं द्यायचं?

उत्तर:

आदल्या दिवशी आपण काय काय केलं हे आठवून सांगायला गेलं की अपडेट लांबतं, आणि ते टाळायला गेलं की काहीच उरत नाही. त्याऐवजी एकेक टिकेट घ्या आणि कालपासून ते कुठून कुठे सरकलं एवढंच सांगा. तुमच्यानंतर काम हाती घेणारा टेस्टर किंवा तुमच्या एपीआयची वाट पाहणारी फ्रंटएंडची सहकारी यांना तेवढंच हवं असतं.

एक उदाहरण घेऊ. PAY-231 हे टिकेट तुमच्याकडे आहे. ग्राहकाचे पैसे परत गेले की पेमेंट गेटवे आपल्या सर्व्हरला वेबहुक पाठवतो. तो आला की ऑर्डरवर ‘रिफंड झाला’ असं दिसायला हवं. कोड लिहून झाला, पीआर मर्ज झाला, पण स्टेजिंगवर वेबहुक आला की 401 मिळतोय. या परिस्थितीत बहुतेक जण असं बोलतात:

> काल रिफंड वेबहुकवर होतो. सही पडताळताना एरर येत होता, मग लॉग बघितले, डॉक्युमेंटेशन वाचलं, लायब्ररी बदलून पाहिली. आता जवळजवळ झालंय. आजही तेच करतोय. प्लॅटफॉर्म टीमकडून थोडं पेंडिंग आहे.

यातला एकही शब्द खोटा नाही, तरी ऐकणाऱ्याला काहीच ठरवता येत नाही. ‘जवळजवळ’ म्हणजे कोड बाकी आहे की तपासणी? ‘थोडं पेंडिंग’ म्हणजे नेमकं काय, आणि ते आलं नाही तर कुणाचं काम थांबेल? आता तेच असं:

> PAY-231 रिफंड वेबहुक: पीआर काल मर्ज झाला. स्टेजिंगवर चाललेलं नाही, म्हणून टेस्टिंगला दिलेलं नाही.
> PAY-238 दुबार येणारे वेबहुक: आज टेबलवर युनिक कन्स्ट्रेंट आणि त्याच्या टेस्ट. संध्याकाळी पीआर.
> अडलंय: PAY-231. स्टेजिंगवरचं वेबहुक सीक्रेट जुनं आहे, सही जुळत नाही. ते बदलायचा अॅक्सेस प्लॅटफॉर्म टीमकडे. PLAT-88 सोमवारी टाकलंय. आज संध्याकाळपर्यंत हवं, नाहीतर उद्या टेस्टिंग सुरू होणार नाही.

वाचायला अर्धा मिनिटही लागत नाही. लॉग आणि लायब्ररीची कहाणी पूर्ण गेली, कारण त्यातून निघालेला निष्कर्ष, म्हणजे सीक्रेट जुनं असणं, शेवटच्या ओळीत आलाच आहे. कुणाला तपशील हवा असेल तर तो टिकेटच्या कॉमेंटमध्ये लिहून ठेवा.

माझ्या मते सगळ्यात जास्त मेहनत अडथळ्याच्या ओळीवर घ्यावी. तिच्यात चार गोष्टी लागतात: नेमकं काय हवंय, ते कोण देऊ शकतं, कधी आणि कुठे मागितलं, कधीपर्यंत मिळालं नाही तर काय थांबेल. यातली चौथी गोष्ट लोक हमखास गाळतात, आणि लीड फोन उचलतो तो तिच्यामुळेच. ‘सीक्रेट मिळालेलं नाही’ हे ऐकून तो मान हलवेल. ‘उद्या टेस्टिंग सुरू होणार नाही’ हे ऐकल्यावर तो प्लॅटफॉर्मच्या लीडशी लगेच बोलेल. अडथळा मात्र सोमवारी दुपारी लक्षात आला असेल तर तो सोमवारी दुपारीच सांगायचा, मंगळवारच्या स्टँडअपसाठी राखून ठेवायचा नाही. मागूनही जे हललेलं नाही ते सकाळी टीमसमोर आणायचं.

प्रत्येक अडचण ब्लॉकर नसते. दुपारी टाकलेला पीआर दुसऱ्या दिवशी सकाळी रिव्ह्यू झालेला नसेल, तर ती फक्त वाट पाहणं आहे. ‘PAY-238 रिव्ह्यूमध्ये, आज बघून हवा’ असं काय झालंच्या ओळीत सांगा, रिव्ह्यू करणाऱ्याचं नाव घेऊन. एखादी गोष्ट समजत नसेल तर तोही ब्लॉकर नव्हे, ती मदतीची मागणी: ‘रिट्राय कसे हाताळायचे याबद्दल स्टँडअपनंतर मला दहा मिनिटं हवीत.’ मात्र चर्चा तिथेच सुरू करू नका. बाकीच्यांना ताटकळत उभं राहावं लागतं. या दोन्ही गोष्टी ब्लॉकर म्हणून सांगत गेलात तर खरा ब्लॉकर येईल तेव्हा कुणी कान देणार नाही.

‘पुढे काय’ यात पूर्ण टिकेटचं नाव न घेता आज संपेल एवढा तुकडा सांगा. ‘PAY-238 चालू’ हे वाक्य चार दिवस तसंच्या तसं म्हणता येतं, आणि तीच त्याची खोट आहे. ‘युनिक कन्स्ट्रेंट आणि टेस्ट’ हे उद्या झालेलं असेल किंवा नसेल. लागोपाठ तिसऱ्या सकाळी तुमच्या तोंडी तेच वाक्य आलं, तर टिकेट फार मोठं आहे किंवा कुठेतरी न सांगितलेला अडथळा आहे. अशा वेळी ते फोडून दोन टिकेटं करा.

तयारीला पाच मिनिटं पुरतात. आधी जिरामध्ये तुमच्या नावावर सध्या चालू असलेलं काम काढा:

```
assignee = currentUser() AND sprint in openSprints()
AND statusCategory = "In Progress"
```

मग कालचे कमिट बघा, म्हणजे स्मरणशक्तीवर विसंबावं लागत नाही:

```
git log --all --oneline --since=yesterday.midnight --author="$(git config user.email)"
```

सोमवारी `--since="3 days ago midnight"` वापरा, म्हणजे शुक्रवारचं काम सुटणार नाही. बोलण्याआधी कार्ड योग्य रकान्यात हलवा आणि अडलेल्या कार्डावर फ्लॅग लावा. तोंडी एक आणि बोर्डावर दुसरं असलं, तर लोक बोर्डावर विश्वास ठेवणं सोडून देतात आणि मग दिवसभर तुम्हाला मेसेज करून विचारत राहतात.

या तीन प्रश्नांचा साचा पाळलाच पाहिजे असंही नाही. स्क्रम गाइडच्या 2020 च्या आवृत्तीतून ते तीन प्रश्न काढून टाकले. पंधरा मिनिटांची मर्यादा आणि स्प्रिंटच्या ध्येयाकडे किती सरकलो हे पाहणं राहिलं. काही टीम माणसांऐवजी बोर्डावरून जातात, उजवीकडच्या रकान्यापासून डावीकडे, म्हणजे संपत आलेलं काम आधी येतं. तिथे तुमचं नाव पुकारलं जात नाही, PAY-231 पुकारलं जातं. वरच्या ओळी टिकेटवार असल्याने तशाच चालतात.

टीम वेगवेगळ्या देशांत असेल आणि अपडेट लिहून द्यायचं असेल, तर क्रम उलटा करा: अडथळा सगळ्यात वर, ज्याच्याकडून हवंय त्याला टॅग करून, आणि वेळेसोबत टाइमझोन लिहून. पुण्यातल्या माणसाने ‘संध्याकाळपर्यंत’ लिहिलं की न्यूयॉर्कमधला सहकारी ते त्याची संध्याकाळ समजतो, आणि तोवर इथे दुसरा दिवस उजाडायला येतो. ‘भारतीय वेळेनुसार सायंकाळी 6’ असं लिहा.