नाचणी, तीळ की दूध? कॅल्शियमचे तुमचे प्रश्न

प्रश्न : नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम असतं म्हणे. मग मी दूध बंद करून रोज नाचणीची भाकरी खाल्ली तर चालेल का?

आकडा खोटा नाहीये ताई, 100 ग्रॅम नाचणीत साधारण 350 मिलिग्रॅम आणि गाईच्या दुधात 120 च्या आसपास. पण नाचणी कोरडी तोललेली आणि दुधात बहुतेक पाणी, त्यामुळे ही तुलना ताटात टिकत नाही. दोन छोट्या भाकऱ्यांना साधारण 60 ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे 210 मिलिग्रॅम, आणि 200 मिलिच्या कपभर दुधात 240. झाले की जवळपास सारखे!

आता यातलं अंगी किती लागतं ते बघा. दुधातलं साधारण 30 टक्के, म्हणजे 70 मिलिग्रॅमच्या आसपास शोषलं जातं. नाचणीत फायटेट असतं, थोडं ऑक्झलेट आणि टॅनिनपण असतं. फायटेट आतड्यात कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते तसंच बाहेर जातं. म्हणून नाचणीचा पाचवा हिस्साच लागतो असं हिशोबाला धरलं तर 42 मिलिग्रॅम. कमी आहे पण फुकट नक्कीच नाही. दूध पचत असेल तर बंद करायचं काहीच कारण नाही. पचत नसेल तर दही-ताक घ्या, त्यात कॅल्शियम तेवढंच असतं, फक्त ताकात पाणी किती घातलंय ते बघा.

प्रश्न : बाळासाठी घरी नाचणी सत्व करते. भिजवून, मोड आणून, वाटून, कापडातून गाळून, खाली बसलेला साका वाळवते. यात कॅल्शियम जास्त मिळतं ना?

तुमची पहिली अर्धी कृती उत्तम आहे आणि शेवटची अर्धी तिच्यावर पाणी फिरवते, असं मला स्पष्टच सांगावंसं वाटतं. मोड येताना दाण्यात फायटेज नावाचं एन्झाइम कामाला लागतं आणि फायटेट तोडतं, त्यामुळे उरलेलं कॅल्शियम जास्त सहज शोषलं जातं. पण नाचणीतलं बरंचसं कॅल्शियम त्या लालसर सालीतच असतं. गाळल्यावर कापडावर जो तपकिरी चोथा राहतो ना, तो आपण टाकून देतो आणि पांढराशुभ्र स्टार्च जपून ठेवतो. सत्व जितकं पांढरं तितकी साल जास्त गेली असं समजा.

त्यापेक्षा असं करा : नाचणी धुऊन रात्रभर भिजवा, पाणी काढून ओल्या फडक्यात बांधा, दिवस-दीड दिवसात बारीक पांढरे मोड दिसले की पसरून पूर्ण वाळवा, मग मंद आचेवर भाजून सालीसकट बारीक दळा. भाजणं शेवटीच, कारण उष्णतेने फायटेज मरतं, आधी भाजलेल्या दाण्याला मोडही येणार नाहीत. मोड आलेली नाचणी चिकट लागली किंवा कुबट वास आला तर ती बाळाला देऊ नका. बाळ अगदी लहान असेल आणि सालीने पोट बिघडत असेल तर काही दिवस गाळलेलं चालेल, पण तेव्हा ते एनर्जीसाठी आहे, कॅल्शियमसाठी नाही. आंबील करायची असेल तर पीठ रात्रभर आंबवा, आंबटपणात फायटेट अजून तुटतं.

प्रश्न : तिळात तर दुधाच्या दहापट! रोज चमचाभर तीळ पुरतील का? पॉलिश केलेले की बिनपॉलिशचे?

बिनपॉलिशचेच. सालीसकट तिळात 100 ग्रॅमला हजाराच्या वर कॅल्शियम असतं, साल काढलेल्या पांढऱ्याफेक तिळात त्याचा जेमतेम दहावा हिस्सा उरतो. गोची अशी की ऑक्झलेटही त्याच सालीत आहे, आणि कॅल्शियम ऑक्झलेट पाण्यात विरघळत नाही, भिजवून किंवा भाजून ते जात नाही. साल काढलेल्या तिळातलं साधारण 20 टक्के लागतं, सालीसकट तिळातलं ऑक्झलेटमुळे त्याहून कमीच धरा. मोठा चमचा म्हणजे 9 ग्रॅम, त्यात 100 मिलिग्रॅम धरा, अंगी लागणार 20 पेक्षा कमीच. म्हणून चटणीत, भाकरीवर, लाडवात भरपूर वापरा, पण कपभर दुधाच्या जागी चमचाभर तीळ असा सौदा करू नका. तीळ भाजून भरडले तर बरं, अख्खे दाणे नीट न चावता गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात.

प्रश्न : पालक-पनीर खाऊ नये असं ऐकलंय, पालक पनीरचं कॅल्शियम खातो का?

पालकाचं स्वतःचं कॅल्शियम फक्त 5 टक्क्यांच्या आसपास लागतं, कारण ऑक्झलेट प्रचंड. पण ते कॅल्शियम आधीच ऑक्झलेटला बांधलेलं असतं, त्यामुळे पनीरच्या कॅल्शियमचं फारसं बिघडत नाही. खा बिनधास्त, फक्त त्यातला पालक कॅल्शियमच्या हिशोबात धरू नका. पालेभाजीतून कॅल्शियम हवं असेल तर मेथी घ्या, तिच्यात ऑक्झलेट पालकापेक्षा खूप कमी असतं.