जुन्या बाकीसाठी नवा माल अडवता येतो का?

प्रश्न: माझी 300 पोती हळद गोदामात आहे. तिचे भाडे 27,000 रुपये झाले असून ते द्यायला मी तयार आहे. पण गोदामवाले म्हणतात, मागच्या वर्षी उचललेल्या हरभऱ्याच्या भाड्याचे 18,000 राहिले आहेत, तेही द्या, नाहीतर हळद विकून टाकू. त्यांना असे करता येते का?

उत्तर: हळदीच्या भाड्यासाठी हळद अडवणे बहुधा चालेल. हरभऱ्याच्या बाकीसाठी ती अडवता येईल की नाही, हे तुमच्या करारावर अवलंबून आहे. विक्रीची धमकी हा तिसराच प्रश्न आहे.

सांभाळण्यासाठी माल दुसऱ्याच्या ताब्यात देणे याला कायद्याच्या भाषेत निक्षेप म्हणतात. मालकी तुमचीच राहते, फक्त ताबा त्यांच्याकडे जातो. या ताब्याच्या जोरावर पैसे मिळेपर्यंत माल रोखून धरण्याचा हक्क म्हणजे धारणाधिकार. बँकेत त्यालाच ‘लिएन’ म्हणतात. भारतीय करार कायदा, 1872 याच्या कलम 170 प्रमाणे, ज्याने त्या मालावर श्रम किंवा कौशल्य खर्च केले त्याला आपल्या मेहनतान्यापुरता तो माल रोखता येतो. कायद्याने दिलेले उदाहरण जवाहिऱ्याचे आहे: हिरा कापून त्याला पैलू पाडले की मजुरी मिळेपर्यंत तो हिरा परत द्यायला बांधील नाही. लगेच पुढचे उदाहरण शिंप्याचे आहे. कोट शिवून होताच देईन आणि पैशांसाठी तीन महिने थांबेन, असे त्याने कबूल केले असेल तर त्याला कोट रोखता येत नाही. म्हणजे उधारी कबूल केली की हा हक्क जातो. गोदामवाल्यांनी तुम्हाला भाड्याची मुदत लिहून दिली आहे का, हे म्हणूनच आधी पाहा.

आता एक बारकावा. पोती नुसती थप्पी लावून ठेवणे हे श्रम किंवा कौशल्य ठरते का, यावर खरोखर वाद घालता येतो. म्हणूनच जाणते गोदामवाले हा हक्क पावतीवर किंवा करारात लिहूनच घेतात. गोदाम 2007 च्या गोदामविषयक केंद्रीय कायद्याखाली नोंदणीकृत असेल, तर हा वाद उरत नाही. त्या कायद्याच्या कलम 10 ने साठवणुकीचा आणि माल टिकवण्याचा खर्च, तसेच विक्रीची वेळ आल्यास नोटीस व जाहिरात यांचा वाजवी खर्च एवढ्यासाठी धारणाधिकार थेट दिलेला आहे.

हरभऱ्याची बाकी मात्र वेगळी आहे. तो माल त्यांनी स्वतः सोडला आणि ताबा सुटताच त्या मालावरचा धारणाधिकारही सुटला. आता राहिले ते साधे येणे. कोणत्याही जुन्या येण्यासाठी हाती असलेला कोणताही माल रोखण्याचा सर्वसाधारण धारणाधिकार कलम 171 फक्त बँका, आडते, बंदरावरील धक्केवाले, उच्च न्यायालयातील वकील आणि विमा-दलाल यांना देते. इतरांना तो स्पष्ट करार असेल तरच मिळतो. त्यामुळे करारातले ‘मागील सर्व बाकीसह’ अशा अर्थाचे वाक्य शोधा. माझ्या पाहण्यात असे वाक्य बहुतेक वेळा पावतीच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असते आणि लोक फक्त पुढची बाजू वाचतात.

विक्रीबद्दल सांगायचे तर, करार कायद्यातला धारणाधिकार रोखण्यापुरता आहे, त्यातून विक्रीचा हक्क निघत नाही. तो हक्क तारण घेणाऱ्याला आहे. कर्जाच्या हमीपोटी माल दिला असेल, तर कलम 176 प्रमाणे मुदत चुकल्यावर वाजवी नोटीस देऊन तो माल विकता येतो आणि जास्तीची रक्कम परत द्यावी लागते. तुम्ही हळद तारण ठेवलेली नाही, साठवायला दिली आहे. करारात विक्रीचे कलम असेल किंवा गोदाम नोंदणीकृत असेल तर गोष्ट बदलते, पण तेव्हाही नोटिशीशिवाय विक्री होऊ देऊ नका.

करारात जुन्या बाकीचा उल्लेख नसल्यास 27,000 रुपये देऊ करत असल्याचे लेखी कळवा आणि माल मागा. योग्य रक्कम देऊ केल्यावरही माल दिला नाही, तर त्या वेळेपासून कलम 161 प्रमाणे मालाच्या नुकसानीची, खराबीची जोखीम त्यांच्यावर येते. हळदीला कीड लागण्याची भीती असेल आणि थांबणे परवडणार नसेल, तर 45,000 भरा, पण ‘18,000 रुपये हरकत राखून, माल सोडवण्यापुरते देत आहे’ असे त्याच पत्रात लिहा आणि पोच घ्या. कलम 72 मधले उदाहरण नेमके असेच आहे: रेल्वेने बेकायदा आकारणी भरल्याशिवाय माल दिला नाही, माणसाने ती भरली, आणि जास्तीची रक्कम परत मिळवण्याचा त्याचा हक्क कायम राहिला. हरभऱ्याचे 18,000 खरोखर देणे असतील तर ते मागण्याचा त्यांचा हक्क बुडत नाही. ते त्यांनी दावा करून वसूल करावेत.