घरात रेंज नाही म्हणून वायफाय कॉलिंग चालू केलं. नेट स्लो असलं की समोरच्याला माझा आवाज तुटत जातो. मोठा प्लॅन घेऊ की वायफाय कॉलिंग बंद करू?

दोन्ही करू नका. आधी अपलोड बघा.

मी सहा वर्षं भुसावळला केबल नेटच्या लाईनवर काम केलंय, आणि हा प्रश्न वाचून राहवलं नाही कारण याच गोष्टीवरून आमच्या घरात झालेला वाद अजून मिटलेला नाही. तुम्ही "समोरच्याला तुटतं" असं लिहिलंय ना, त्यातच निम्मं उत्तर आहे, पण बहुतेक लोक तिकडे लक्षच देत नाहीत.

आमचं गाव चोपडा तालुक्यात. घर जुनं धाब्याचं, भिंती दोन हात जाड मातीच्या, त्यावर नंतर पत्र्याची खोली काढलेली. उन्हाळ्यात घर गार राहतं पण मोबाईलची रेंज ओसरीतच मरते, मधल्या घरात तर एक कांडीसुद्धा येत नाही. गच्चीवर गेलं की फोर जी दोन कांड्या. आबा सत्तरीतले, फोन आला की गच्चीवर धावायचे, एकदा जिन्यावर पाय सरकला तेव्हा मीच त्यांच्या फोनात वायफाय कॉलिंग चालू करून दिलं. 2019 च्या डिसेंबरात एअरटेलने आणि 2020 च्या जानेवारीत जिओने हे आणलं तेव्हापासून मी लोकांना सांगत आलोय, की जाड भिंतीच्या घराला यासारखा इलाज नाही. नंबर तोच, समोरच्याला काही करावं लागत नाही, केळीचा व्यापारी नेहमीसारखा नंबर लावतो आणि आबा खाटेवर बसून बोलतात.

पहिले चार महिने एकदम मस्त. मग एका संध्याकाळी भावकीत मयत झाली. दुसऱ्या दिवशी आमच्या मळ्यात केळीची कापणी ठरलेली होती, म्हणून आबांनी रात्री साडेआठला व्यापाऱ्याला फोन केला, की सुतक पडलंय, उद्या गाडी लावू नका, परवा बघू. व्यापाऱ्याचं सगळं बोलणं आबांना स्वच्छ ऐकू आलं, तो "बरं बरं, ठीक आहे" म्हणाला, फोन ठेवला. सकाळी सहाला दारासमोर तिरडी बांधायचं चाललंय आणि तिकडून गाडी आणि चौदा मजूर येऊन उभे. आबांनी चिडून विचारलं तर व्यापारी म्हणतो, "आबा, तुमीनच सांगं व्हतं ना गाडी लावा म्हनीसन!" त्याला "उद्या गाडी लावू" एवढंच गेलं होतं, "नका" तुटला होता. आबांनी आयुष्यात शब्द फिरवला नाही, आणि त्या सकाळी सगळ्या भावकीसमोर त्यांचं खोटं ठरल्यासारखं झालं. मजुरांचा अर्धा रोज आम्ही दिला. पैशाचं काही नाही, पण आबा दोन दिवस नीट जेवले नाहीत.

तिथेच आमचे साडूभाऊ सगळ्यांसमोर बोलले, "हे वायफाय कॉलिंग शहरातल्या लोकांचं, तुमच्या दहा एमबीपीएसच्या नेटवर कुठे चालणार? पंचवीसचा प्लॅन घ्या नाहीतर बंद करा." मी नको म्हणत होतो, पण घरातल्यांनी ऐकलं त्यांचं. पंचवीसचा प्लॅन घेतला. आठ दिवसांनी व्यापारी पुन्हा म्हणाला, आवाज तुटी ऱ्हायना आबा. रोज नाही, पण संध्याकाळी आठ ते दहा.

आता का ते सांगतो. वायफाय कॉलिंगमध्ये फोन तुमच्या नेटवरून सिम कंपनीच्या गेटवेपर्यंत एक कुलूपबंद बोगदा करतो आणि आवाजाचे वीस-वीस मिलीसेकंदाचे तुकडे त्यातून पाठवतो, म्हणजे सेकंदाला पन्नास तुकडे. सगळं पाकीट-बिकीट धरून याला जायला साधारण शंभर केबीपीएस लागतं, आणि यायला तेवढंच. म्हणजे एक एमबीपीएसचा दहावा भाग. त्यामुळे "स्लो नेटवर चालत नाही" हे सरसकट खोटं आहे, स्लो पण मोकळं नेट असेल तर दणक्यात चालतं. अडचण होते ती रांगेची.

आमच्याकडे नेट रेडिओ लिंकवर आहे, घरावर छोटा डबा, लांबच्या टॉवरकडे तोंड केलेला. प्लॅन दहाचा असो की पंचवीसचा, वर जाणारी लाईन एकच एमबीपीएस! हे बिलावर मोठ्या अक्षरात कुठे लिहिलेलं नसतं, तिथे मोठा आकडा फक्त डाऊनलोडचा असतो. साडूभाऊंचे जास्तीचे पैसे सगळे येणाऱ्या बाजूला गेले, जी बाजू आधीच ठीक होती. म्हणून तर आबांना व्यापारी स्वच्छ ऐकू येत होता आणि आपला आवाज तिकडे फाटतोय हे त्यांना कळायचा काही मार्गच नव्हता.

मी लॅपटॉप घेऊन रात्री सव्वाआठला बसलो. आधी राउटरला पिंग लावलं, म्हणजे एक तुकडा जाऊन परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं, मग बाहेर.

```
ping -t 192.168.1.1
ping -t 8.8.8.8
```

राउटरला दोन-तीन मिलीसेकंद, म्हणजे घरातलं वायफाय चांगलं. बाहेर अडतीस. मग साडेआठला पुतण्या शेतातून आला, त्याने फोन चार्जिंगला लावला आणि दहा सेकंदात बाहेरचं पिंग नऊशे, हजार, अकराशे, मधेच रिक्वेस्ट टाइम्ड आऊट. त्याच्या फोनात फोटो आणि व्हिडिओचा क्लाऊड बॅकअप होता, वायफाय आणि चार्जिंग दोन्ही मिळालं की आपोआप सुरू. घरात नुकतंच लग्न झालेलं, त्यामुळे शेकड्याने व्हिडिओ. मी बॅकअप थांबवला, थोड्या वेळात पुन्हा अडतीस. पुन्हा चालू केला, पुन्हा हजार. तीन वेळा करून बघितलं, तिन्ही वेळा तेच.

हजारच का, तेही बघा. राउटरमध्ये किंवा त्या डब्यात पाठवायच्या मालाची रांग लागायला जागा असते. समजा ती 128 केबीची आहे. केबी म्हणजे किलोबाईट, एका बाईटचे आठ बिट, म्हणून बिटमध्ये साधारण दहा लाख. लाईन सेकंदाला दहा लाख बिट नेते. म्हणजे रांग भरली की शेवटी उभ्या राहिलेल्या तुकड्याला बाहेर पडायला पूर्ण एक सेकंद. व्हिडिओला काही फरक पडत नाही, उशिरा पोचला तरी चालतो आणि हरवला तर पुन्हा पाठवला जातो. आवाजाला तसं नाही. बोलणं नीट व्हायला एका बाजूचा उशीर दीडशे मिलीसेकंदाच्या आत हवा, चारशेच्या वर तर दोघं एकमेकांवर बोलायला लागतात. आणि फार उशिरा आलेला तुकडा समोरचा फोन वाजवतच नाही, टाकून देतो. आबांचा "नका" बहुतेक असाच गेला, रांगेत उभा राहून.

दुसरी गोष्ट, फोन अशा वेळी स्वतःहून मोबाईल नेटवर्कवर का जात नाही? कारण बहुतेक फोन वायफायची ताकद बघतात, पुढच्या लाईनची अवस्था नाही. राउटर शेजारीच असेल तर वायफायच्या कांड्या फुल, फोन खूश. म्हणून फुल वायफाय बघून नेट चांगलं आहे असं समजू नका. उलटं पण होतं, ओट्यावर गेलं की वायफाय अगदी लुळं होतं पण तुटत नाही, फोन त्यालाच धरून बसतो. आमच्या घरात ओटा ही बोलायला सगळ्यात वाईट जागा आहे, एकतर आत बसा नाहीतर सरळ गच्चीवर जा. चालू कॉलवर गच्चीवर गेलात आणि तिथे फोर जी असेल तर कॉल न तुटता तिकडे सरकतो, फक्त टू जी असेल तर कटतो.

मग मी काय केलं. प्लॅन परत दहाचा केला. पुतण्याच्या फोनातला बॅकअप बंद करून आठवड्यातून एकदा दुपारी हाताने चालू करायचं ठरवलं, पण तो विसरतो, म्हणून राउटरच्या सेटिंगमध्ये `Bandwidth Control` मध्ये त्याच्या फोनाला अपलोड चारशे केबीपीएसचं वेसण घातलं. चारशे त्याचे, शंभर आबांचे, बाकी घरच्या इतर कामाला, रांग लागतच नाही. यासाठी त्याच्या फोनात वायफायचा रँडम मॅक बंद करावा लागला, नाहीतर राउटरला वाटतं नवीनच फोन आलाय आणि मर्यादा लागत नाही. बॅकअप चालू ठेवून पिंग बघितलं तर पन्नास-साठ. त्यानंतर व्यापाऱ्याने एकदाही तक्रार केली नाही, मी मुद्दाम तीनदा विचारलं त्याला.

साडूभाऊंना मी हे सगळं लॅपटॉपवर दाखवलं. ते म्हणाले, "तरी पण मोठा प्लॅन बरा." मोठा प्लॅन बरा कधी, तर अपलोड वाढत असेल तेव्हा! घेण्याआधी ऑपरेटरला एवढंच विचारा, वर किती जाणार? फायबर आलं असेल आणि दोन्हीकडे सारखा स्पीड देत असतील तर खुशाल घ्या, तिथे मी साडूभाऊंच्या बाजूने.

आणि हो, तुमचं कारण वेगळं असू शकतं. राउटरचंच पिंग वर-खाली होत असेल तर दोष घरातल्या वायफायचा, तिथे अपलोडला वेसण घालून काही होणार नाही, राउटर मधल्या घरात आणा. घरात कोणी काही पाठवत नसताना, पहाटेसुद्धा बाहेरचं पिंग उड्या मारत असेल तर लाईनच खराब, ऑपरेटरच्या मागे लागा. तुम्हालाच समोरचा तुटक ऐकू येत असेल तर डाऊनलोड भरतंय, मग टीव्हीवरचं स्ट्रीमिंग बंद करून बघा. सेटिंगमध्ये `Wi-Fi preferred` किंवा तसा काही पर्याय असतो, घरात अजिबात रेंज नसेल तर तोच ठेवा, एखादी कांडी येत-जात असेल तर मोबाईल नेटवर्कला प्राधान्य देऊन दोन दिवस बघा, काही फोनांवर ते जास्त चांगलं चालतं.

लाईट गेली की राउटर गेला आणि राउटर गेला की फोन गेला, हे आमच्याकडे रोजचं, म्हणून राउटर आणि गच्चीवरचा तो डबा दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. नुसता राउटर घेऊन उपयोग नाही, मी पहिल्यांदा तीच चूक केली होती. आणि सुतकासारखा, पैशाचा, गाडीचा निरोप असेल तर आबा आता फोनवर बोलून झाल्यावर व्यापाऱ्याकडून पुन्हा वदवून घेतात, काय ठरलं ते तू सांग म्हणून.