‘की’चा प्रश्न आणि ‘साठी’चा प्रश्न

सर, मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि कॅटची तयारी करते. दहावीपर्यंत मराठी माध्यम होतं. वाचनाचा वेग आता बरा आहे, उताराही समजतो. मॉकमध्ये ‘मेन आयडिया’चे प्रश्न बहुतेक बरोबर येतात, पण ‘प्रायमरी पर्पज’ किंवा ‘लेखकाने अमुक उदाहरण का दिलं’ असं विचारलं की हमखास चुकते. मी निवडलेलं उत्तर उताऱ्यात लिहिलेलंच असतं, तरी चूक! मुख्य कल्पना आणि लेखकाचा हेतू या शेवटी एकच गोष्टी नाहीत का? की माझं इंग्रजीच कमी पडतंय? — एक विद्यार्थिनी, नांदेड

इंग्रजीचा संशय आधी बाजूला ठेव. ‘उत्तर उताऱ्यात लिहिलेलंच असतं, तरी चूक’ या तुझ्या वाक्यातच दुखणं आहे. हेतूच्या प्रश्नाचं उत्तर सहसा उताऱ्यात लिहिलेलं नसतं. ‘मी आता एक गैरसमज दूर करतो’ असं सांगून कोणी गैरसमज दूर करायला बसत नाही, तो करून मोकळा होतो. तू लेखक काय म्हणाला ते शोधतेस आणि प्रश्न विचारतो लेखकाने काय केलं.

मराठीत हा फरक दोन छोट्या शब्दांत धरता येतो. मुख्य कल्पनेचं उत्तर ‘लेखक सांगतो की’ याच्यापुढे बसतं. हेतूचं उत्तर ‘साठी’च्या आधी बसतं: ‘हे लिहिलं ते अमुक करण्यासाठी’. पहिलं उत्तर हे विधान असतं. त्यावर ‘हे खरं आहे का?’ असं विचारता येतं, वाद घालता येतो. दुसरं उत्तर ही कृती असते. ‘दुरुस्त करणे’ किंवा ‘तुलना करणे’ खरं की खोटं, हा प्रश्नच संभवत नाही.

एक उतारा मराठीतच लिहून देतो, म्हणजे इंग्रजीचा अडसर मधे येणार नाही.

‘शेततळं म्हणजे पावसाचं वाहून जाणारं पाणी अडवण्याची जागा, असं आपण धरून चालतो. तळी वाढली की पाण्याची सोय झाली, हा हिशेब त्यातूनच येतो. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी तळ्याला प्लास्टिकचं अस्तर घालून ते विहिरीतून किंवा बोअरमधून उपसलेल्या पाण्याने भरलं जातं. जमिनीच्या पोटातलं पाणी उघड्यावर येतं आणि उन्हाळ्यात त्यातलं बरंच उडून जातं. बँकेतले पैसे काढून कपाटात ठेवले म्हणून कोणी श्रीमंत होत नाही. मोठं तळं आणि दमदार पंप असलेल्याची बाग तगते, शेजाऱ्याची विहीर मात्र लवकर तळ गाठते. पावसाचा ओघळ जिथे खरोखर अडतो, तिथे तळी उपयोगाचीच आहेत. पण तळी मोजून गावाचं पाणी मोजता येत नाही.’

आधी मुख्य कल्पना विचारू. पर्याय असे समज. अ: शेततळ्यातलं पाणी उन्हाळ्यात उडून जातं. ब: भूजल उपसून भरलेली तळी गावाच्या पाण्यात भर घालत नाहीत, म्हणून तळ्यांच्या संख्येवरून पाण्याचा अंदाज बांधता येत नाही. क: दुष्काळी भागात पाण्याचं नियोजन महत्त्वाचं असतं. ड: शेततळ्यांना अनुदान देणं थांबवावं. इथे तू ब निवडशीलच. अ खरं आहे, पण ते एका वाक्यापुरतं. क इतकं मोठं आहे की कुठल्याही पाण्याच्या उताऱ्याला चालेल. ड लेखक म्हणालेलाच नाही.

आता त्याच उताऱ्यावर हेतू विचारू. अ: शेततळं कसं बांधतात ते समजावून देणे. ब: शेततळ्यांविषयीचा एक रूढ समज तपासून दुरुस्त करणे. क: शेततळ्यांच्या धोरणाचा निषेध करणे. ड: उपसलेलं पाणी तळ्यातून कसं वाया जातं याचं वर्णन करणे. माझा अंदाज आहे की तू ड कडे जाशील, कारण त्यातली गोष्ट उताऱ्यात थेट सापडते. बरोबर उत्तर ब आहे आणि त्यातला ‘समज’ हा शब्द उताऱ्यात कुठेही नाही. तो आपल्याला ‘असं आपण धरून चालतो’ आणि ‘प्रत्यक्षात’ या दोन जागांवरून ओळखावा लागतो. लोक काय मानतात ते आधी, मग वस्तुस्थिती, शेवटी ‘पण’. ही चाल दिसली की काहीतरी दुरुस्त केलं जातंय. इंग्रजी उताऱ्यात हेच काम ‘इट इज ऑफन अझ्यूम्ड’, ‘इन फॅक्ट’, ‘हाउएव्हर’ करतात. पाणी वाया जाण्याचं वर्णन उताऱ्यात आहेच, पण ते त्या दुरुस्तीचा पुरावा म्हणून आलंय.

क का नाही? शेवटून दुसरं वाक्य पाहा. निषेध करायला निघालेला माणूस ‘तिथे तळी उपयोगाचीच आहेत’ असं मधेच म्हणून जात नाही. हेतूच्या पर्यायांत क्रियापदाचा जोर उताऱ्याच्या जोराशी जुळावा लागतो, आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांची सर्वाधिक गफलत इथेच होते. स्पष्ट करणे, प्रश्न उपस्थित करणे, मर्यादा दाखवणे, खोडून काढणे, धिक्कारणे: प्रत्येक पायरीला आवाज थोडा चढतो. लेखकाने एक सवलत दिली असेल तर वरच्या दोन पायऱ्या बहुधा कटतात. (इंग्रजीत एक क्रियापद फसवं आहे, ‘क्वालिफाय’. आपल्याकडे क्वालिफाय होणं म्हणजे पात्र ठरणं. पण ‘टू क्वालिफाय अ क्लेम’ म्हणजे एखाद्या दाव्याला मर्यादा घालणं, ‘खरंय, पण इतक्यापुरतंच’ असं म्हणणं. या एका शब्दापायी बरोबर पर्याय सोडून दिलेली हुशार मुलं मी पाहिली आहेत.)

मग दोन्ही एकच नाहीत याची खात्री कशी पटवून घ्यायची? वरच्या उताऱ्याची पहिली दोन वाक्यं आणि ‘प्रत्यक्षात’ हा शब्द बोटाने झाक आणि पुन्हा वाच. मुख्य कल्पना जवळपास तीच राहते: उपसून भरलेली तळी पाणी वाढवत नाहीत. पण दुरुस्त करायला समजच उरला नाही, म्हणून हेतू आता ‘एका पद्धतीचे परिणाम स्पष्ट करणे’ इतका सौम्य होतो. तीच माहिती कृषी सहायकाने गावच्या बैठकीत ‘म्हणून तळं ओघळाच्या वाटेवरच घ्या’ असं म्हणत सांगितली, तर कल्पना पुन्हा तीच आणि हेतू सल्ला देण्याचा.

आता तुझा दुसरा अडलेला प्रकार, उदाहरण का दिलं. समज विचारलं, ‘लेखक बँकेतल्या पैशांचा उल्लेख कशासाठी करतो?’ इथे पर्यायांत हमखास एक असा असतो: ‘तळ्यांची संख्या हे फसवं माप आहे हे दाखवण्यासाठी’. हा संपूर्ण उताऱ्याचा निष्कर्ष आहे, त्या एका वाक्याचं काम नव्हे. वाक्याचं काम बघायचं तर त्याच्या आधीची आणि नंतरची ओळ वाचायची. आधी म्हटलंय की जमिनीतलं पाणी वर आलं. बँकेचं वाक्य सांगतं की साठ्याची जागा बदलली म्हणजे साठा वाढला असं होत नाही. उत्तर तेवढंच: ‘पाणी हलवणं आणि पाणी वाढवणं यांतला फरक ठसवण्यासाठी’. दुसरा सापळा म्हणजे ‘शेतकऱ्यांची आर्थिक स्थिती दाखवण्यासाठी’. पैसे हा शब्द दिसला म्हणून विषय पैशांचा होत नाही. मुख्य कल्पना पाठ झालेली मुलं या प्रश्नात जास्त चुकतात हे गमतीशीर आहे. त्यांना प्रत्येक कुलपाला तीच किल्ली लावायची असते.

लेखकाच्या मनात शिरण्याचा मोहही टाळ. ‘हा शेततळ्यांच्या विरोधातलाच दिसतो’ किंवा ‘याला सरकारवर टीका करायची असणार’ हे आपले तर्क झाले. परीक्षेतला हेतू म्हणजे मजकुराच्या बांधणीतून दिसतो तेवढाच.

काही उताऱ्यांत मात्र हे दोन प्रश्न खरंच एकमेकांना चिकटतात. निव्वळ माहिती देणारा उतारा असेल, समजा माशांच्या स्थलांतराची कारणं सांगणारा, तर मुख्य कल्पना ‘स्थलांतर अमुक कारणांनी होतं’ आणि हेतू ‘स्थलांतराची कारणं स्पष्ट करणे’. तिथे क्रियापदावर डोकं शिणवू नकोस. पर्याय बहुधा क्रियापदापुढच्या शब्दांवरून फुटतात: कारणं की परिणाम, एका माशाचं की सगळ्यांचं. आणि तू पुढे यूपीएससीचा विचार केलास तर सीसॅटच्या उताऱ्यांवर हेतूपेक्षा सार, अनुमान आणि गृहीतक यांचे प्रश्न जास्त असतात. तिथे तुझी ‘की’ची ताकद कामी येईल, ‘साठी’ची कमी लागेल. उलट जीआरई आणि सॅटमध्ये हेतूचा प्रश्न ठरलेलाच आहे. डिजिटल सॅटमध्ये तर मध्यवर्ती कल्पना आणि मजकुराचा हेतू हे दोन वेगवेगळ्या गटांतले प्रश्न मानले जातात.

सरावाचं म्हणशील तर नवीन पुस्तक घेऊ नकोस. तुझ्या जुन्या मॉकमधले चुकलेले हेतूचे प्रश्न काढ. पर्याय झाकून प्रत्येक उताऱ्याखाली मराठीत दोन ओळी लिही, ‘लेखक सांगतो की…’ आणि ‘हे लिहिलं ते … साठी’. मग पर्याय उघड आणि आधी फक्त क्रियापदं वाच. वहीत चुकीपुढे कारण लिही: जोर जास्त झाला, क्रियापद बरोबर पण त्यापुढचा विषय अरुंद, किंवा वाक्याच्या प्रश्नाला अख्ख्या उताऱ्याचं उत्तर दिलं. तुझ्या पत्रावरून मला दुसरं कारण जास्त वेळा सापडेल असं वाटतं, पण वही काय म्हणते ते मला कळव.

परीक्षेत क्रियापदं वाचून दोन पर्याय गळतात, दोन उरतात आणि घड्याळ पुढे सरकत असतं. अशा वेळी प्रश्न सोडू नकोस. कॅटमध्ये बरोबर उत्तराला 3 गुण आहेत आणि पर्यायी प्रश्नाच्या चुकीला 1 वजा. दोनांतून एक निवडताना अर्ध्या वेळा जरी चुकलीस तरी दर दोन प्रश्नांमागे 2 गुण हातात राहतात.