‘गरम केल्या गेले’ की ‘गरम केले’? : ॲस्पिरिनच्या अहवालातली कृती

प्रश्न (नागपूर): ॲस्पिरिनच्या प्रयोगाचा अहवाल मराठीत लिहितोय. कृती भूतकाळात, कर्मणी प्रयोगात आणि स्वतःच्या शब्दांत हवी. ‘मिश्रण गरम केल्या गेले’ चालेल ना?

उत्तर: बोलताना आपल्याकडे ‘केल्या गेले’ सर्रास चालतं. अहवालाच्या प्रमाण मराठीत ते ‘केले गेले’ होईल, पण तेही शक्यतो टाळा. ‘सल्फ्युरिक आम्लाचे ५ थेंब घातले गेले’ म्हटलं की चुकून पडले की काय, अशी शंका येते. मुद्दाम केलेल्या कृतीला ‘घालण्यात आले’ किंवा नुसतं ‘घातले’ पुरतं. ‘आम्ही मिश्रण तापवले’ हा मुळातच कर्मणी प्रयोग आहे, कारण क्रियापद ‘मिश्रण’प्रमाणे चालतं. त्यातलं ‘आम्ही’ गाळा, काम झालं. ‘विद्यार्थ्यांद्वारे’ तर नकोच.

आता प्रयोगवहीतल्या ‘घ्या, घाला, तापवा’चं नुसतं ‘घेतले, घातले, तापवले’ करणं म्हणजे स्वतःचे शब्द नव्हेत. वही मिटून, टेबलावर जे झालं ते आपल्या नोंदींवरून लिहा. समजा, नोंदींवरून लिहिलेली कृती अशी आहे:

> कोरड्या शंकुपात्रात २.०३ ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल घेऊन त्यात ५ मिली ॲसिटिक अनहायड्राइड व संहत सल्फ्युरिक आम्लाचे ५ थेंब घालण्यात आले. पात्र ५५ अंश सेल्सिअसच्या पाण्यात १५ मिनिटे ठेवून अधूनमधून हलवले. मिश्रण ३२ अंशांपर्यंत निवल्यावर त्यात ५० मिली थंड पाणी घातले आणि पात्र बर्फात ठेवले. स्फटिक न दिसल्याने पात्राची आतली बाजू काचकांडीने खरवडली. त्यानंतर तयार झालेले स्फटिक बुखनर फनेलमधून सक्शनने गाळून बर्फगार पाण्याने धुतले.

यात ‘कोरड्या’ आणि ‘बर्फगार’ शोभेला नाहीत. ओल्या पात्रात अनहायड्राइडचा काही भाग पाण्याशीच अभिक्रिया करून ॲसिटिक आम्ल होतो, आणि कोमट पाण्याने धुतलं तर ॲस्पिरिन विरघळून गाळलेल्या पाण्याबरोबर जातं. ‘खोलीच्या तापमानाला’ न लिहिता आकडा दिलाय, कारण मे महिन्यात नागपूरच्या प्रयोगशाळेतलं खोलीचं तापमान चाळिशीलाही टेकू शकतं. तेवढ्यावर मिश्रण थंड झालं असं कोण म्हणेल?

‘निवल्यावर’, ‘तयार झालेले’ ही आपोआप घडणारी कामं आहेत, त्यांना कर्मणी लावू नका. ‘स्फटिक तयार करण्यात आले’ लिहिलं तर तुम्ही ते घडवल्यासारखं वाटतं.

‘-ऊन’ जपून वापरा. ‘पाणी घालून स्फटिक तयार झाले’ यात पाणी घालणारे तुम्ही आणि तयार होणारे स्फटिक, म्हणजे कर्ते दोन. तिथे ‘पाणी घातल्यावर’ हवं. ‘गाळून धुतले’ मात्र ठीक, दोन्ही कामं एकाच हातची.

२.०३ ग्रॅमपासून सैद्धांतिक उत्पादन २.६५ ग्रॅम येतं. तो हिशेब, उत्पादनाची टक्केवारी आणि फेरिक क्लोराइडचा जांभळा रंग आला की नाही, हे निरीक्षणांत जाऊ द्या. कृतीत फक्त ‘फेरिक क्लोराइडने चाचणी घेतली’ एवढंच.