पुराच्या पाण्यानंतरचा ताप, पोटऱ्या आणि लाल डोळे

प्रश्न: नऊ दिवसांपूर्वी गुडघाभर पाण्यातून चालत घरी आलो होतो. काल दुपारपासून १०२ ताप, डोळे लालभडक, पोटऱ्या इतक्या दुखतात की जिना चढवत नाही. घरचे म्हणतात व्हायरल आहे. क्रोसिन घेऊन दोन दिवस वाट बघू का?

उत्तर:

नका बघू. आजच डॉक्टरांना दाखवा, आणि तपासणीला बसल्या बसल्या आधी पाण्याचं सांगा. पेशंट ताप सांगतात, अंगदुखी सांगतात, पण नऊ दिवसांपूर्वीचं पाणी त्यांच्या लक्षातच नसतं. ते सांगितलं नाही तर पावसाळ्यातला आणखी एक व्हायरल म्हणून गोळ्या हातात पडतात.

मी मुंबईत जनरल प्रॅक्टिस करतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी या धंद्यात नवखा होतो. पाणी ओसरलं, लोकांनी घरं धुऊन काढली, आणि मग तापाचे पेशंट यायला लागले. लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा साचलेल्या पाण्यातून होणारा ताप, मी तेव्हा शिकलो. त्याचे जंतू उंदराच्या मूत्रपिंडात राहतात आणि लघवीवाटे पाण्यात येतात. गुरं, डुकरं, कुत्र्यांच्या लघवीतूनही येतात. पायाला भेग असली, खरचटलेलं असलं की ते आत शिरतात. ताप बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो, म्हणजे तुमचा हिशोब नेमका बसतो.

हे वाचून लेप्टोच आहे असं ठरवू नका. डेंग्यू आणि मलेरियाचाही हाच मोसम आहे, त्यांच्याही तपासण्या होतील. पण दोन गोष्टी आरशासमोर बघा. डोळे आले असतील तर चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात. लेप्टोत बुबुळाभोवतीचा पांढरा भाग लाल होतो, पण घाण येत नाही. दुसरं, पोटरी हलकेच दाबा. नुसत्या अंगदुखीत चेपल्यावर बरं वाटतं. लेप्टोत माणूस हात झटकून टाकतो. (एकच पोटरी सुजून दुखत असेल तर तो वेगळा प्रकार, तोही लगेच दाखवायचा.)

आता घाई कशासाठी, ते सांगतो. माझ्याकडे एक टेम्पोवर हमाली करणारा तरुण आला होता. ताप आल्यावर त्याने कुठूनतरी दुखण्याचं इंजेक्शन घेतलं, चौथ्या दिवशी ताप उतरला आणि गडी कामावर गेला. सहाव्या दिवशी ताप परत. माझ्यासमोर बसला तेव्हा डोळ्यांच्या लालीत पिवळी झाक होती. लघवी होते का विचारलं, तर म्हणाला, "होते की डॉक्टर, नेहमीसारखीच." क्रिएटिनिन निघालं ४.२, साधारण एकच्या आसपास असायला हवं. लेप्टोत मूत्रपिंड बिघडत असतानाही लघवी होत राहू शकते, म्हणून तेवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. त्याला तीन वेळा डायलिसिस लागलं. वाचला, पण महिनाभर कामाला मुकला. मधे ताप उतरतो तेव्हाच माणूस फसतो.

पहिल्या तीन-चार दिवसांत औषध सुरू झालं तर बहुतेकांचं गोळ्यांवर भागतं. मोठ्या माणसाला सहसा डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, सात दिवस देतात. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर औषध वेगळं, म्हणून दुकानातून परस्पर आणू नका. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्या आणि लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिका जळते. पहिल्या डोसनंतर काही तासांत हुडहुडी भरून ताप चढला तर डॉक्टरांना कळवा, पण रिअ‍ॅक्शन म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नका. जंतू मरताना असं होऊ शकतं. तापाला पॅरासिटामॉलच घ्या. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक नको, मूत्रपिंडावर आधीच ताण असतो.

रक्ताचं बोलायचं तर सीबीसी, क्रिएटिनिन, बिलिरुबिन आजच करून घ्या. लेप्टोची आयजीएम टेस्ट मात्र दुसऱ्या दिवशी निगेटिव्ह आली तर हुरळून जाऊ नका. अँटिबॉडी तयार व्हायलाच पाच-सात दिवस जातात. म्हणून शंका आली की आम्ही रिपोर्टसाठी थांबत नाही, औषध सुरू करतो.

धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं, डोळे पिवळे झाले, लघवी कमी झाली किंवा बोलण्यात गोंधळ वाटला, तर दवाखान्यात नाही, थेट मोठ्या हॉस्पिटलात. फुप्फुसात रक्तस्राव सुरू झाला तर तासांचा खेळ असतो.

आणि त्या दिवशी तुमच्याबरोबर पाण्यातून कोण कोण आलं होतं? प्रतिबंधाची गोळी पाण्यात गेल्यापासून ७२ तासांच्या आत घ्यायची असते, ती वेळ टळली. त्यांच्यापैकी कुणाला आता ताप आला, तर त्यालाही तुमच्याबरोबरच घेऊन जा.