दुधी काचेवरची अक्षरं फोटोत बदलायची आहेत

*नागपूरला धरमपेठेत आमचा दवाखाना आहे. दाराच्या दुधी काचेत ‘क्लिनिक’ कोरलंय, अक्षरांतून आतलं दिसतं. फोटोत तिथे ‘दंतचिकित्सा’ करायचंय. मजकूर टाकून ओपॅसिटी कमी केली तर स्टिकर चिकटवल्यासारखं वाटतं. काय करू?*

तुमच्या दारात अक्षराला स्वतःचा रंगच नाही, ती दुधी थरातली खिडकी आहे. म्हणून फोटोशॉपमध्ये मजकूर रंगवायचा नाही, त्याचा मास्क करायचा. त्यासाठी दोन थर लागतील: खाली अक्षरं पुसलेली दुधी काच, वर ‘आतलं दृश्य’.

आधी जुनी अक्षरं निवडा, निवड ३-४ पिक्सेल वाढवा आणि नव्या लेयरवर Content-Aware Fill करा. Gaussian Blur त्यानंतर, आणि तोही भरलेल्या जागेपुरताच. आधी ब्लर केलात तर अक्षरांचा गडदपणा आजूबाजूला पसरतो आणि ‘क्लिनिक’चं भूत मागे राहतं.

आता आतलं दृश्य. दुधी काच दोन गोष्टी करते: तपशील पसरवते आणि काळं-पांढरं जवळ आणते. यातलं दुसरं उलटवता येतं. मूळ फोटोत जुन्या अक्षराच्या कडेला Info पॅनेलने आत-बाहेर मोजा. समजा काउंटरपाशी अक्षरात ४० आणि शेजारच्या दुधी भागात १२० आलं. ट्यूबलाइटपाशी २३० आणि २०५. म्हणजे दुधी भागातल्या ८५ च्या फरकाला आत १९० चा फरक, सव्वादोन पट. पुसलेल्या काचेची प्रत घेऊन Levels मध्ये इनपुट काळं १०२ आणि पांढरं २१६ ठेवलं की हे आकडे जुळतात. फाइल ब्लरच्याही आधी १६ बिटची करा, नाहीतर ब्लर केलेल्या जागी एवढ्या ताणाने पट्टे दिसतात. दाराच्या वरच्या भागावर ऊन असेल (आपल्याकडे दुपारी असतंच) तर तिथला दुधीपणा वेगळा, तो भाग वेगळा मोजा.

पसरलेला तपशील मात्र परत येत नाही. जुन्या अक्षरांतून जेवढं खरं दिसत होतं, तेवढे तुकडे मूळ फोटोतून या थरावर जागच्या जागी ठेवा. फोकस दारावर असेल तर आतलं तसंही धूसर असतं, त्यामुळे बारीक अक्षरांत बाकीचं खपून जातं. जाड, भरीव फॉन्ट घेतलात तर उघडं पडेल.

मग मजकूर स्मार्ट ऑब्जेक्ट करून दाराच्या कोनात Distort करा, Ctrl धरून त्याच्या थंबनेलवर क्लिक करा, मिळालेल्या निवडीचा मास्क वरच्या थराला लावा आणि मजकुराचा लेयर बंद करा. जुन्या अक्षराची कड ४००% वर पाहा. ती दोन पिक्सेलांत विरत असेल तर मास्कला साधारण एक पिक्सेल Feather द्या. वेलांटी आणि अनुस्वार यांची कड आधी तपासा, तिथे मास्क लवकर बुजतो.

शेवटी ब्लर केलेल्या जागी Add Noise, Monochromatic, १ ते २%. हे राहिलं तर मोबाइलवर कळणार नाही, पण छापल्यावर तेवढा चौकोन मेणासारखा गुळगुळीत दिसेल.